दिवाळी सेलच्या ईमेलचा विषय कसा लिहिला: माझा अनुभव

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानासाठी दिवाळीचे मेल पाठवायचे होते. यादीत साधारण २,४०० ग्राहक, सगळे दुकानात येऊन स्वतः पत्ता दिलेले. मालकांनी विषय लिहूनच दिला होता:

🎆🎆 दिवाळी महाधमाका!!! ५०% पर्यंत सूट, त्वरा करा!!!

असा मेल स्पॅम ठरू शकतो म्हणून मी हा बदलायला सांगितला तर म्हणाले, "भाऊ, धमाका नाही लिहिला तर दिवाळी कशी वाटन जी?" प्रश्न रास्त होता.

आधी एक गैरसमज दूर करावा लागला. अमुक शब्द लिहिला की मेल थेट स्पॅममध्ये, अशी ठरलेली यादी जीमेल वापरत नाही. पाठवणाऱ्या डोमेनची पत, लोकांनी किती वेळा 'स्पॅम' बटण दाबलं, हे त्याच्या लेखी विषयापेक्षा मोठं असतं. म्हणून शब्दांना हात लावण्याआधी चाचणीचा एक मेल जीमेलवर पाठवला आणि 'Show original' उघडून, मेल खरंच आपल्याच डोमेनचा आहे का हे तपासणाऱ्या SPF, DKIM आणि DMARC या तिन्हींपुढे PASS आहे ना ते पाहिलं. तिथे FAIL असेल तर विषय कितीही सोज्वळ करा, फायदा नाही. मेल स्पॅममध्ये गेलाच तर तो उघडल्यावर वरच्या पट्टीत जीमेल कारण सांगतं. ती पट्टी वाचायची सोडून लोक शब्द बदलत बसतात. आणि मेल 'Promotions' टॅबमध्ये पडला तर तो स्पॅम नव्हे, सेलच्या मेलची जागाच ती.

छोट्या कंपन्यांच्या सर्व्हरवर मात्र बऱ्याचदा स्पॅमअसॅसिन हे स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर असतं. ते गुण मोजतं: प्रत्येक खटकलेल्या गोष्टीचे थोडे गुण, आणि मूळ सेटिंगमध्ये बेरीज ५ झाली की मेल स्पॅम. अशा एका मेलबॉक्सवर चाचणी पाठवली की हेडरमधल्या `X-Spam-Status` ओळीत कोणते नियम लागले ते नावानिशी दिसतं.

आता मूळ विषय. त्यातली खरी अडचण 'धमाका' ही नव्हतीच. सहा उद्गारचिन्हं, दोन फटाके, 'त्वरा करा' आणि '५०% पर्यंत' हे सगळं एकत्र आलं की वाचणाऱ्यालाही तो मेल आपल्या दुकानाचा वाटत नाही, मग स्पॅमचं बटण दाबलं जातं. शिवाय पन्नास टक्के फक्त जुन्या मालातल्या काही साड्यांवर होते. सण दिसायला ओरडावं लागत नाही, सणातला नेमका दिवस आणि नेमकी वस्तू पुरते. 'दिवाळी सेल' कुणीही लिहितो, 'भाऊबीजेची साडी' म्हटलं की घरातलं एक माणूस डोळ्यांपुढे येतं. शेवटी ठरलं ते असं:

भाऊबीजेची करवती साडी, २० टक्के कमी

सूट कधीपर्यंत, घरपोच केव्हा, हा मजकूर विषयाखाली दिसणाऱ्या प्रीहेडरच्या ओळीत टाकला. फोनवर विषयाची सुरुवातच तेवढी दिसते, म्हणून 'भाऊबीजेची' पहिलं. पणती 🪔 हवीच असेल तर एकच, आणि शेवटी. हा इमोजी २०१९ च्या युनिकोडमध्ये आला, त्यामुळे जुन्या फोनवर चौकोन दिसतो. तो चौकोन सुरुवातीलाच नको. विषयाच्या आधी खोटं 'Re:' लावायची युक्तीही कुणीतरी सुचवली होती. ती फसवणूक आहे, लावली नाही.

घोळ झाला तो वेगळ्याच ठिकाणी. चाचणीत एका मेल ॲपवर 'साडी'तल्या 'स'च्या जागी ��� आलं. कारण असं, की देवनागरी विषय मेलमध्ये `=?UTF-8?B?` ने सुरू होणाऱ्या तुकड्यांत बांधून जातो आणि एक तुकडा ७५ चिन्हांहून मोठा चालत नाही, म्हणजे आत जेमतेम ४५ बाइट मावतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही धरून, ३ बाइटचं. 'भाऊबीजेची' २७, जागा १, 'करवती' १५, जागा १, एकूण ४४. पुढच्या 'स'चा एकच बाइट पहिल्या तुकड्यात गेला, दोन दुसऱ्यात. अक्षर असं मधोमध तोडू नये असा नियम आहे, पण दुकानाच्या वेबसाइटवरचा कोड सरळ ४५ बाइटांवर कापत होता. काही ॲप तुकडे जोडून घेतात, काही घेत नाहीत, म्हणून जीमेलवर सगळं ठीक दिसलं. हाताने कापणं काढून PHP मधलं `mb_encode_mimeheader` लावलं, दोष गेला. मराठी विषयाची चाचणी निदान तीन वेगळ्या ॲपवर घ्यावी ती यासाठी.

मालकांचं समाधान व्हावं म्हणून धमाक्याची सौम्य आवृत्तीही आजमावली: तीनशे जणांना 'दिवाळी धमाका', तीनशे जणांना 'भाऊबीजेची', मजकूर आणि वेळ तीच. मोजले ते क्लिक, कारण ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून घेतं आणि न वाचलेला मेलही उघडलेला दाखवतं. तीनशेत चार-पाच क्लिकचा फरक म्हणजे काहीच नाही, हे आधीच ठरवून ठेवलं होतं. इथे फरक त्याहून बराच मोठा निघाला, आणि उरलेल्या अठराशेंना भाऊबीजेचा विषय गेला.