पस्तीस दिवस उरलेला कागद

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या ट्रेझरीत मी काम करते. पैसे आलेत आणि द्यायची तारीख लांब आहे, तर मधल्या दिवसांत ते करंट खात्यात बिनव्याजी पडू द्यायचे नाहीत, हे आमचं काम.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जागेच्या विक्रीचे जवळपास तीस कोटी हातात होते आणि आयात यंत्राचे पैसे नोव्हेंबरच्या सुरुवातीला द्यायचे होते. म्हणून ९१ दिवसांचे तीन कागद घेतले, प्रत्येकी दहा कोटींचे: सरकारचं ट्रेझरी बिल, एका सरकारी बँकेचं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे सीडी, आणि एका फायनान्स कंपनीचं कमर्शियल पेपर, म्हणजे सीपी. तिसरा आमच्या सीएफओ साहेबांच्या आग्रहाने. रेटिंग ए-वन-प्लस, त्याच्या वरचं रेटिंगच नसतं, मग आणखी काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

हे तिन्ही कागद म्हणजे थोड्या दिवसांसाठी दिलेलं कर्ज; आज कमी किमतीला घ्यायचे आणि मुदतीला पूर्ण शंभर मिळवायचे. बिल वर्षाला ६.७५ टक्क्यांनी ९८.३४ ला पडलं, सीपी ७.९५ टक्क्यांनी ९८.०६ ला. टक्केवारीत फरक मोठा वाटतो, पण दहा कोटींवर ९१ दिवसांत जास्तीचे मिळणार होते तीन लाखांच्या आत. साहेबांना मी हा आकडा लिहून दिला होता. त्यांनी टक्केवारीच बघितली.

सप्टेंबरात पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली. त्यांच्या काही कागदांनाही ऑगस्टपर्यंत सर्वोच्च रेटिंग होतं. तिकडे रुपया घसरत होता, आमचं यंत्र वेळेआधी तयार झालं होतं आणि संचालक म्हणाले, डॉलर आणखी चढायच्या आत पैसे पाठवून टाका. कागदांचे अजून पस्तीस दिवस उरले होते.

बिलासाठी बँकेच्या डीलरला फोन केला. दहा मिनिटांत ९९.३४ ला सौदा झाला आणि दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. सीडीला थोडी घासाघीस करावी लागली, पण संध्याकाळच्या आत तीही गेली.

सीपीचं नाव काढलं की पलीकडे शांतता. "मॅडम, नाव चांगलं आहे हो, पण फायनान्स कंपनीचं सध्या कुणी घेत नाहीये," एरवी दिवसातून चार वेळा मेसेज टाकणारा डीलर सांगत होता. कारण सरळ होतं. असे कागद मुख्यतः घेतात लिक्विड फंड, म्हणजे कंपन्या थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवतात ते म्युच्युअल फंड. सप्टेंबरात अॅडव्हान्स टॅक्स आणि तिमाहीच्या हिशोबासाठी कंपन्या त्यातून पैसे काढतात, म्हणजे नेहमीचे खरेदीदारच विक्रेते झाले होते. आणि फायनान्स कंपन्या जुनं सीपी बहुधा नवं सीपी विकून फेडतात. नवं खपलं नाही तर जुन्याचं काय, ही भीती प्रत्येकाच्या डोक्यात होती. रेटिंग मात्र त्या आठवड्यातही ए-वन-प्लसच.

मग मी त्या कंपनीच्याच ट्रेझरीत विचारलं, तुमचा कागद तुम्हीच परत घ्या. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तुमच्याकडून घेतला तर त्या इश्यूतल्या सगळ्यांना त्याच अटींवर तीच सवलत द्यावी लागेल. त्या आठवड्यात ते त्यांना परवडणारं नव्हतं, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

शेवटी एक बोली आली, साडेदहा टक्क्यांची, तीही निम्म्याच रकमेसाठी. साडेदहा म्हणजे किंमत ९९.००. मी कागदावर मांडून बघितलं. दहा कोटींच्या बिलाने ५६ दिवसांत दहा लाखांच्या आसपास मिळवून दिले होते. या बोलीने सगळं सीपी विकता आलं असतं तरी साडेनऊच मिळाले असते. जास्त दराचा कागद सरकारी कागदापेक्षा कमी देऊन गेला असता.

विकलं नाही. उरलेल्या रकमेसाठी बँकेतून ओव्हरड्राफ्ट उचलला, सीपीच्या दरापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त व्याजाने, आणि पस्तीस दिवस रोज सकाळी आधी त्या कंपनीची बातमी बघितली. मुदतीच्या दिवशी शंभरचे शंभर जमा झाले.

"बघ, आले ना पूर्ण? उगाच घाबरलीस," साहेब म्हणाले. आले हे खरंच. त्या दिवशी निम्मं विकून मोकळं व्हायला हवं होतं की थांबलो तेच बरोबर, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. ओव्हरड्राफ्टचं जादा व्याज आणि विकण्यातला तोटा, दोन्ही जवळपास सारखेच भरत होते. थांबण्यात कागद बुडायची जोखीमही डोक्यावर होती, आणि तिची किंमत मला आजही लावता येत नाही.

तिमाहीच्या अहवालात गुंतवणुकीच्या तक्त्यात सीपी सगळ्यात वर होतं, ७.९५ टक्के. ओव्हरड्राफ्टचं व्याज वेगळ्या पानावर, वित्तीय खर्चात. दोन्ही पानं शेजारी ठेवून बैठकीत कुणी वाचली नाहीत.