मॉनिटरचं नाव दिसत होतं, चित्र नव्हतं

लॅपटॉप दुरुस्तीला आला तो ‘मदरबोर्ड गेला’ असं निदान ठरवूनच. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळी. सोबत एका यूएसबी-सी वायरने लॅपटॉपला मॉनिटर जोडणारा डॉक, एचडीएमआय केबल आणि मॉनिटरही आणायला सांगितलं होतं, कारण ऑफिसात तो नेहमी त्यांनाच जोडलेला असायचा. मॉनिटरवर No Signal.

आधी कॅप्स लॉक दाबून पाहिलं. दिवा लागत-विझत होता, म्हणजे मशीन चालू होतं. मग बटण दाबून धरून ते बंद केलं, डॉकची यूएसबी-सी वायर काढली आणि पुन्हा चालू केलं. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर लॉगिन व्यवस्थित आलं. मदरबोर्डचा प्रश्न तिथेच संपला.

डॉक परत जोडला की दोन्ही स्क्रीन काळ्या. या मॉनिटरसाठी विंडोजमध्ये Second screen only निवडलेलं असणार, हा अंदाज होता. स्क्रीन दिसत नसताना Win+P दाबलं, वरचा बाण एकदा, एंटर. Extend लागू झालं आणि लॅपटॉपची स्क्रीन उजळली. Display सेटिंगमध्ये मॉनिटरचं मॉडेलसकट नाव होतं, मॉनिटरवर मात्र अजूनही No Signal.

खरी खूण ती होती. एचडीएमआय केबलमध्ये मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या तारा वेगळ्या आणि चित्र नेणाऱ्या जोड्या वेगळ्या. ओळख पोचली की मॉनिटर जोडलेला आहे असं विंडोज धरतं आणि Second screen only निवडलेलं असेल तर सगळं चित्र तिकडेच पाठवतं. वाटेत चित्राची जोडी तुटलेली आहे हे त्याला कळत नाही. नाव आलंच नसतं तर मी डॉक आणि त्याचा अडॅप्टर आधी तपासला असता.

आता एका वेळी एकच वस्तू बदलायची. तीच केबल डॉक वगळून थेट लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला लावली: चित्र नाही. दुसरी केबल डॉक आणि मॉनिटरमध्ये लावली: चित्र आलं. डॉक, मॉनिटर आणि दोन्हीकडचे पोर्ट निर्दोष ठरले. जुनी केबल मॉनिटरच्या प्लगपाशी काटकोनात दुमडलेली होती. स्टँड खाली केला की तिथेच ताण येई. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट नसेल, तर संशयित केबल घरच्या सेट-टॉप बॉक्स आणि टीव्हीमध्ये लावून पाहता येते. तिथे चित्र आलं म्हणून केबल पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण सेट-टॉप बॉक्सला बहुधा कमी वेग पुरतो. सुरुवातीचा लोगो दिसतो आणि विंडोज ४के, ६० हर्ट्झवर गेलं की स्क्रीन काळी होते, अशा वेळी रिफ्रेश रेट ३० करून बघावा. चित्र टिकलं तर केबलचा वेग अपुरा पडतोय.

डिस्प्लेलिंकवर, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतीने यूएसबीवरून चित्र नेणाऱ्या तंत्रावर, चालणारे काही डॉक मात्र ड्रायव्हर लोड होईपर्यंत काहीच दाखवत नाहीत. तिथे लोगोच्या वेळची काळी स्क्रीन हा बिघाड नव्हे.