जूनमध्ये रशियातल्या कझानला जाताय? ईशाची वेळ आधीच ठरवून घ्या

आम्ही रत्नागिरीचे कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई, आणि तिकडचे तातार हनफी, त्यामुळे पहिला फरक असरलाच कळतो. दुपारी सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर, ते सगळीकडे सारखंच. त्यावेळी जेवढी सावली असते ती धरायची, त्यात वस्तूच्या उंचीएवढी भर पडली की आपली असर, दुप्पट भर पडली की हनफी असर. जूनच्या शेवटी कझानमध्ये आपली साधारण सव्वाचारला येते आणि त्यांची साडेपाचच्या सुमाराला, म्हणून जमातीने पढायची असेल तर मशिदीतलं टाइमटेबल बघा.

मगरीब सूर्यास्ताला, साडेआठच्या आसपास. खरा प्रश्न त्याच्या पुढे. ईशा सुरू होते संधिप्रकाश गेल्यावर, आणि त्यासाठी बहुतेक कॅलेंडरं सूर्य क्षितिजाखाली १५ ते १८ अंश गेलेला धरतात, पण कझान जवळपास ५६ अंश उत्तरेला, त्यामुळे २१ जूनला मध्यरात्रीसुद्धा सूर्य फक्त ११ अंशच खाली जातो. म्हणजे त्या हिशोबाने ईशा येतच नाही आणि फजरही कधी सुरू झाली ते कळत नाही!

हे कोडं जुनं आहे. व्होल्गाकाठच्या बोल्गारला नक्की जा, अरब प्रवासी इब्न फदलान ९२२ साली बगदादहून तिथे गेला होता. तंबूत ईशाच्या अजानची वाट बघत गप्पा मारत बसला, बाहेर आला तर पहाट, आणि मुअज्जिन म्हणाला आम्ही ईशा मगरीबसोबतच पढतो. पुढे हनफी फकीहांमध्ये मोठा वाद झाला. बक्काली म्हणाले वेळच नाही तर ईशा फर्जच नाही, हात तुटलेल्या माणसाला वुजूत हात धुवायचे नसतात तसं. इब्न अल-हुमाम यांनी ते खोडलं: वेळ ही फक्त खूण आहे, खूण दिसली नाही म्हणून फर्ज जात नाही. आधार दज्जालच्या हदीसचा, ज्यात वर्षाएवढ्या लांब दिवशी नमाजा अंदाजाने वाटून पढायला सांगितलंय. १८७० मध्ये कझानच्याच शिहाबुद्दीन मर्जानींनी ईशा फर्ज आहे यावर आख्खं पुस्तक लिहिलं. ते इमाम होते ती मर्जानी मशीद आजही चालू आहे, मला तरी त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं.

आता मोबाइल ॲप. सेटिंगमध्ये उच्च अक्षांशाचा पर्याय शोधा. रात्र साधारण साडेसहा तासांची, तिचा सातवा भाग धरला तर ईशा साडेनऊच्या आत येते, रात्रीचा मध्य धरला तर पावणेबाराला, म्हणजे एकाच गावात सव्वादोन तासांचा फरक! फजर तीनच्या आधी, त्यामुळे झोपेचा विचार करून आणि आपल्या आलिमला विचारून एकच पद्धत ठरवा, रोज बदलू नका.

तिथून पुढे नॉर्वेत ट्रॉम्सोला जाणार असाल तर हे दोन्ही पर्याय निकामी, कारण साधारण २० मे ते २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही आणि रात्रच नसेल तर सातवा भाग कशाचा काढणार. तिथे जवळच्या, रात्र होते अशा ठिकाणाच्या किंवा मक्केच्या वेळा धरतात, त्या निघण्याआधीच लिहून घ्या.