आमच्या कबड्डी संघाचं उपरणं कसं ठरलं - माझा अनुभव

आमच्या पेठेतल्या संघाच्या मॅचेसना मी लहानपणापासून जातोय. फायनल असली की शंभर-सव्वाशे लोक यायचे, आणि पुढच्या स्पर्धेच्या पहिल्या मॅचला बघावं तर खेळाडूंचे घरचे धरून दहा-बारा जण. त्यामुळे आम्ही चौघांनी ठरवलं की काहीतरी असं करू की लोक जिंकण्यासाठी नाही, संघासाठी येतील.

पहिल्यांदा आम्ही टीशर्ट काढले. आमचा स्टार चढाईपटू होता, त्याचा नंबर पाठीवर. पैसे जमवून पन्नास छापले, लोकांनी हौसेने घेतले. पुढच्या सीझनला तो ट्रान्सफर घेऊन दुसऱ्या संघात गेला, त्याची काही चूक नव्हती, नोकरीचा प्रश्न होता, पण ते टीशर्ट त्याच्याच विरुद्धच्या मॅचला घालून कसं बसायचं? लोक साध्या कपड्यात आले आणि विखरून बसले.

तेव्हा एक मित्र म्हणाला, अरे आम्ही हे फुटबॉलला भोगलंय. तो एफसी पुणे सिटीच्या चाहत्यांच्या गटात, ऑरेंज आर्मीत होता. २०१४ ला सुरू झालेली टीम २०१९ ला बंद पडली, तिच्या जागी हैदराबादची टीम इंडियन सुपर लीगमध्ये आली. तो म्हणाला की मालक जातो, खेळाडू जातो, त्यामुळे खूण अशी पाहिजे की जी दोघांचीही नाही. हे मला फार पटलं.

मग खूण कुठून आणायची यावर दोन महिने कट्ट्यावर वाद झाला. वाघ नको, तलवार नको, ते सगळ्यांकडेच असतं. शेवटी एका जुन्या खेळाडू काकांनी सांगितलं की आपला संघ मातीवर तयार झालाय, मॅट तर आत्ता आली, आम्ही मैदानात उतरताना माती कपाळाला लावायचो. तिथेच ठरलं, गेरूच्या रंगाचं उपरणं. रविवार पेठेतून मांजरपाट आणला, पावणेदोन मीटरचा एक तुकडा, रंगवून घेतला, त्यावर ना नाव ना नंबर ना वर्ष ना स्पॉन्सर. विकायचं नाही असंही ठरवलं, सलग तीन मॅच जो येईल त्याला आधीच्या माणसाने स्वतःच्या हाताने घालायचं. यामुळे संख्या हळू वाढली पण आलेला माणूस टिकला.

खरी अडचण आवाजाची झाली. पुणं म्हणजे ढोल, आमच्यातले निम्मे पथकात वाजवणारे, त्यांनी दोन ढोल हॉलमध्ये आणले. चढाईपटूचा कबड्डी कबड्डी हा दम पंचांना ऐकू यावा लागतो, तो ऐकू येईना म्हणून पंचांनी मॅच थांबवली. आमचा कॅप्टन वर येऊन म्हणाला, "दादा, समोरचा चढाईला आला की शांत राहा ना, कोपऱ्यातून मारलेली हाक साखळीला ऐकू येत नाही." आणि एकदा तर कुणीतरी शिट्टी वाजवली, आमच्या पोराला वाटलं पंचांची आहे, त्याने धरलेला घोटा सोडला आणि पॉइंट गेला. त्या दिवसापासून शिट्टी पूर्ण बंद, आणि ढोल फक्त हॉलबाहेर, संघ येताना.

मग आम्ही मॅचच्या आतच जागा शोधली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. आपली ती तिसरी चढाई आली की सगळ्यांनी उभं राहायचं, उपरणं दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरायचं आणि तोंडातून एक शब्द नाही. तीस सेकंद पूर्ण शांतता, फक्त त्याचा दम ऐकू येतो. तो मध्यरेषा शिवून परत आला की एकदम तीन टाळ्या. बाद झाला तरी तीनच टाळ्या, याच्यावर मी अडून बसलो होतो. नवीन माणसाला रिकाम्या चढाया मोजता येत नाहीत, म्हणून पहिल्या रांगेतली पोरं एक बोट, दोन बोटं वर करून दाखवतात, ते बघून मागचे तयार होतात.

हे साठ-सत्तर लोकांच्या हॉलमध्येच जमतं हेही सांगतो. जिथे आयोजकांचा डीजे असतो तिथे शांतता होतच नाही, तिथे आम्ही नुसतं उपरणं धरतो.

गेल्या पावसाळ्यात आईच्या ऑपरेशनमुळे मी दोन मॅच चुकवल्या. दुसरी आम्ही अकरा गुणांनी हरलो. रात्री मित्राने व्हिडिओ पाठवला, शेवटच्या मिनिटात, मॅच हातातून गेलेली असताना, तिसरी चढाई होती आणि अख्खी उजवी बाजू गेरू रंगाची उभी होती, त्यात निम्म्या जणांना मी ओळखतही नव्हतो.