तो थांबला की तबकडी का थांबते?

"सर, माणूस तबकडीच्या कडेने चालतो तेव्हा तबकडी उलटी फिरते हे कळलं, पण तो थांबला की तीही थांबते असं उत्तरात दिलंय. मग तिला मिळालेला स्पिन जातो कुठे?"

दरवर्षी रोटेशनचा चॅप्टर सुरू झाला की हे कोणीतरी विचारतंच, आणि मला फार आवडतो हा प्रश्न, कारण विचारणाऱ्याने गणित नुसतं सोडवलेलं नसतं तर डोळ्यासमोर आणलेलं असतं.

आकडे घेऊनच बघू. तबकडी २०० किलोची, सगळीकडे सारख्या जाडीची, मधल्या बेअरिंगवर मोकळी फिरणारी. माणूस ५० किलोचा, कडेवर उभा, सगळं शांत. अशा भरीव तबकडीचं वजन मध्यापासून कडेपर्यंत पसरलेलं असतं, त्यामुळे फिरवायच्या हिशोबात ती कडेवर ठेवलेल्या निम्म्या वजनाइतकी, म्हणजे १०० किलोइतकी जड पडते. आता माणूस आणि हे १०० किलो एकाच त्रिज्येवर आले, म्हणून अँग्युलर मोमेंटमचा हिशोब साध्या वजन गुणिले वेग इतका सोपा होतो. सुरुवातीला एकूण शून्य, बाहेरून कोणी पिळत नाहीये, म्हणजे शेवटपर्यंत शून्यच.

तो तबकडीवर सेकंदाला १.२ मीटर चालायला लागला. तबकडीची कड ०.४ ने मागे जाते आणि जमिनीवरून बघणाऱ्याला तो ०.८ ने पुढे जाताना दिसतो. ५० गुणिले ०.८ म्हणजे ४०, १०० गुणिले ०.४ म्हणजेही ४०, दिशा उलट, जमलं. इथे बरीच मुलं १.२ हाच जमिनीवरचा वेग धरतात आणि कडेचा वेग ०.६ काढतात. चूक पकडायची तर दोन्ही वेग मिळवून बघा, १.८ येतात, पण पायाखाली तर १.२ च सरकायला हवेत.

आता मूळ गोष्ट. पाय तबकडीला मागे ढकलतो तो मुख्यतः वेग पकडताना. एकदा एका लयीत चालायला लागलं की प्रत्येक पावलात थोडं पुढे, थोडं मागे असं ढकलणं होतं आणि सरासरी शून्य, म्हणून तबकडी त्याच वेगाने फिरत राहते, दहा मिनिटं चालला तरी स्पिन साठत नाही. थांबताना मात्र पाय तबकडीला पुढे ढकलतो, अगदी सुरुवातीला मागे ढकललं होतं तितकंच. स्पिन कुठे जात नाही, त्यानेच दिला आणि त्यानेच थांबताना परत घेतला.

साठतो तो कोन. तबकडीवरच्या खुणेपासून निघून तो परत त्याच खुणेवर आला की तबकडी १२० अंश मागे गेलेली असते आणि तो स्वतः जमिनीवर २४० अंशच फिरलेला असतो. हळू चाला नाहीतर पळा, १२० च. म्हणजे स्पिन ठरतो आत्ता किती वेगात चालताय त्यावर, आणि कोन ठरतो एकूण किती चाललात त्यावर. हे दोन वेगळे ठेवले की अर्धा गोंधळ संपतो.

आधीच फिरणारी तबकडी असेल तरी तेच. समजा तो उभा असताना कड १ मीटरने फिरतेय, एकूण १५०. तो उलट दिशेने १.५ ने चालला तर जमिनीच्या हिशोबाने जागच्या जागी राहतो, आणि सगळे १५० एकट्या तबकडीकडे जाऊन तिची कड १.५ ने पळते. तिच्याच दिशेने ३ ने धावला तर तबकडी चक्क उभी राहते. थांबला की दोन्ही वेळा परत १.

हे सगळं बेअरिंग आदर्श असेल तर. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या बागेत लोखंडी चक्र आहे, त्याच्या कडेवर आणि खाली फरशीवर खडूने रेघ मारून मी भाचीला चालायला लावलं होतं. चक्र मागे गेलं, ती थांबली, आणि चक्र थांबायच्या ऐवजी ती चालत होती त्या दिशेला हळूच सरकलं. ती म्हणाली, "मामा, तुझं गणित चुकलं!" पण मागे फिरणाऱ्या चक्राला बेअरिंगचं घर्षण सतत अडवत होतं, म्हणजे पुढच्या दिशेने पिळत होतं, त्यामुळे एकूण शून्य राहिलंच नव्हतं, थोडं पुढचं जमा झालं होतं. ती चालत होती तोवर ते दिसलं नाही, थांबल्यावर दिसलं. मग ग्रीस लावून परत करून बघितलं, तेव्हा रेघ जेमतेम दोन बोटं सरकली.