पाव किलो की पाव?

आज चौथीच्या वर्गात बेकरी मांडली. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू. टेबल म्हणजे गल्ला, शेजारी तराजू आणि 50, 100, 200 ग्रॅमची वजनं.

"काका, खारी कशी किलो?"
"दोनशे चाळीस."
"पाव किलो द्या."

दुकानदार झालेल्या मुलानं चार पाव पुढे केले! त्याची चूक कशी म्हणू? दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. मग पाव म्हणजे चौथा भाग, किलोचा पाव म्हणजे अडीचशे ग्रॅम, हे आम्ही 200 आणि 50 ची वजनं पारड्यात ठेवून पाहिलं. दोनशे चाळीसचा चौथा भाग साठ.

"दीडशे ग्रॅम नानकटाई पण द्या. तीनशे रुपये किलो ना?"

इथं तो पुन्हा अडकला. दीड ऐकून दीड किलोकडे निघाला होता. शंभराचे तीस, पन्नासचे पंधरा, असे पंचेचाळीस त्यानं बोटांवर काढले.

"एकशे पाच झाले, ताई."

तिनं दोनशेची नोट दिली.

"पाच सुटे आहेत का?"

ती गोंधळली. जास्तीचे पैसे कशाला? त्यानं पाचचं नाणं मागून घेतलं आणि शंभराची एकच नोट तिच्या हातात ठेवली. नाहीतर पंचाण्णव मोजून द्यावे लागले असते. हे मी शिकवलं नव्हतं. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान आहे, संध्याकाळी तो गल्ल्यापाशी बसतो म्हणे.