तारखा दाटीने आल्या की

«इतिहासाची कालरेषा ॲनिमेट करायला घेतली की तारखा, नावे आणि आकडे एकमेकांवर चढतात. फ्रेम न भरता हे सगळे वाचता येईल असे कसे ठेवता?»

ही अडचण अक्षरे लहान करून सुटत नाही, प्रमाण बदलून सुटते. मी केलेल्या एका कालरेषेवरून हे सविस्तर सांगतो. विषय अंतराळस्पर्धेचा होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक अवकाशात गेला तिथपासून २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरले तिथपर्यंतचा काळ दाखवायचा होता आणि त्यातल्या बारा घटना निवडल्या होत्या. बारा वर्षांत बारा घटना म्हणजे ऐसपैस जागा आहे, असे कागदावर वाटते. पण इतिहास वर्षाला एक असा हप्त्याने घडत नाही. युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी अवकाशात गेला आणि ॲलन शेपर्ड ५ मे रोजी. मध्ये फक्त २३ दिवस आहेत. त्याआधी मात्र लूना २ हे यान सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्रावर आदळल्यानंतर माझ्या यादीतले सुमारे १९ महिने कोरे आहेत.

आता हिशेब पाहा. फ्रेम १९२० पिक्सेल रुंद असते आणि दोन्ही कडांना शंभर शंभर सोडले की हाती १७२० उरतात. या काळाचे एकूण दिवस ४३०७ आहेत. म्हणजे एका दिवसाला जेमतेम ०.४ पिक्सेल मिळतो आणि गागारिन आणि शेपर्ड यांच्यात ९ पिक्सेलांचे अंतर पडते. नाव आणि तारीख लिहिलेली एक पाटी मात्र चारशे पिक्सेलांच्या आसपास जाते. इथे बहुतेक जण दोन चुकांपैकी एक करतात. एक तर अक्षरे बारीक करतात, किंवा ठिपके सरकवून सारख्या अंतरावर मांडतात. दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण त्या क्षणी ती कालरेषा राहत नाही, घटनांची नुसती यादी होते, आणि ते २३ दिवस आणि ते १९ महिने प्रेक्षकाला एकसारखेच दिसू लागतात.

म्हणून मी आधी प्रमाण ठरवतो आणि मग ते मोडत नाही. या कामात एका दिवसाला २.५ पिक्सेल धरले. त्यामुळे वर्ष ९१२ पिक्सेलांचे झाले, फ्रेममध्ये एका वेळी दोन वर्षांहून थोडा अधिक काळ मावू लागला आणि पूर्ण पट्टी साडेपाच फ्रेमांइतकी लांब झाली. कॅमेरा त्या पट्टीवरून सरकतो. ठिपके हाताने ठेवायचे नाहीत, त्यांची जागा तारखेवरून काढायची. आफ्टर इफेक्ट्समध्ये ठिपक्याच्या जागेवर एवढे एक्स्प्रेशन पुरते:

```
var start = Date.UTC(1957, 0, 1);
var ev = Date.UTC(1961, 3, 12);
var days = (ev - start) / 86400000;
[days * 2.5, 0]
```

यात महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून एप्रिल हा ४ नसून ३ आहे. हे विसरले तर प्रत्येक ठिपका महिनाभर पुढे सरकतो, आणि सगळेच सारखे सरकत असल्यामुळे डोळ्याला काहीच वावगे दिसत नाही. त्यामुळे एक तरी ठिपका मी हाताने ताडून पाहतो. १ जानेवारी १९५७ पासून १२ एप्रिल १९६१ पर्यंत १५६२ दिवस होतात, म्हणजे गागारिनचा ठिपका ३९०५ पिक्सेलांवर यायला हवा.

तारखेबाबत आणखी एक सांगायला हवे. लूना २ आदळले तेव्हा जागतिक वेळेनुसार १३ सप्टेंबर होता आणि मॉस्कोत १४ उजाडला होता. पट्टीवर एका दिवसाचा फरक अडीच पिक्सेलांचा असल्याने तो कोणाला दिसणार नाही, पण पाटीवरचा आकडा सगळ्यांना दिसतो. कोणते घड्याळ धरायचे ते सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत पाळावे, नाही तर एकाच पट्टीवर दोन वेळा नांदू लागतात.

एवढे करूनही गागारिन आणि शेपर्ड यांच्यात ५७ पिक्सेलच येतात आणि पाट्या एकमेकींवर चढणारच. त्यावरचा उपाय जागेत नाही, वेळेत आहे: कोणत्याही क्षणी फ्रेममध्ये वाचण्यासारखी पाटी एकच असते. मी सोव्हिएत घटना रेषेच्या वर आणि अमेरिकी घटना रेषेच्या खाली ठेवल्या होत्या. या दोघांपुरते ते पुरले असते, पण स्पुटनिक १ आणि स्पुटनिक २ दोन्ही वरच्याच बाजूचे आहेत आणि त्यांच्यात अवघे तीस दिवस आहेत. तेव्हा वर-खाली ही मांडणी कोणाची घटना हे सांगण्यापुरतीच राहिली. गर्दी टाळण्याचे काम क्रमाने केले. जुनी पाटी सहा फ्रेमांत विरते, तिच्या जागी फक्त ठिपका उरतो, मग चार फ्रेम काहीही घडत नाही आणि त्यानंतर नवी पाटी येते. या चार रिकाम्या फ्रेम फार मोलाच्या आहेत. एक पाटी विरत असतानाच दुसरी उमटू दिली, तर मधल्या काही फ्रेमांत अर्धवट पुसट अक्षरांवर अर्धवट पुसट अक्षरे येतात आणि त्या काळात प्रेक्षक दोहोंपैकी काहीच वाचू शकत नाही.

पाटीवर काय ठेवायचे, याबाबत मी कठोर आहे. वर्ष पाटीवर लिहीत नाही. ते फ्रेमच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या आकारात कायम असते, त्यामुळे पाटीवर «१२ एप्रिल» एवढेच पुरते. त्याखाली नाव आणि त्याखाली एकच आकडा: गागारिनच्या पाटीवर «१०८ मिनिटे», शेपर्डच्या पाटीवर «१५ मिनिटे». हे दोन आकडे एकापाठोपाठ आले की दोन उड्डाणांमधला फरक निवेदनात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यानाचे वजन, उंची, वेग हेही आकडे हाताशी होते, पण पाटीवर दुसरा आकडा आला की पहिला लक्षात राहत नाही.

कोपऱ्यातले वर्ष बदलते ठेवायचे असेल, तर प्रत्येक अंकाला स्वतःची ठरलेली रुंदी द्यावी. पुष्कळ फाँटमध्ये देवनागरी अंकांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे १९६० चे १९६१ होताना सगळा आकडा डावी-उजवीकडे थरथरतो. मी चार अंकांचे चार लेयर ठेवतो, त्यामुळे बदलतो तेवढाच अंक हलतो. काही फाँटमध्ये १ आणि ९ लहान आकारात एकमेकांसारखे दिसतात. विसाव्या शतकातल्या जवळजवळ प्रत्येक वर्षात हे दोन अंक शेजारी शेजारी येतात, म्हणून फाँट निवडताना मी सर्वांत आधी «१९९१» लिहून पाहतो. मराठी मजकूर अक्षर-अक्षर करून आणायचा मोहही टाळावा. तशा ॲनिमेशनमध्ये काना-मात्रा आणि जोडाक्षरे सुटी होण्याचा धोका असतो. `Based On` मध्ये `Words` निवडले की शब्द अखंड येतो. दोन ओळींमधले अंतरही अक्षराच्या आकाराच्या निदान दीडपट ठेवावे, नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत शिरतात.

पाटी किती वेळ थांबवावी, हे मी मोजून ठरवतो. ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाला पाटी मोठ्याने वाचायला सांगतो. तीन सेकंद लागले, तर त्यात एक मिळवतो, कारण डोळ्याला आधी पाटी सापडावी लागते. त्या चार सेकंदांत कॅमेरा हलत नाही. अत्यंत हळू सरकता कॅमेरा देखणा दिसतो हे खरे, पण वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीचा पाठलाग करावा लागतो. शेवटी फ्रेम ४८० पिक्सेल रुंदीची करून पाहतो. फोन उभा धरला की चित्राची रुंदी साधारण सात सेंटिमीटर असते आणि त्यात ४० पिक्सेलांचे अक्षर दीड मिलिमीटरचे होते. त्याहून लहान काहीही मी ठेवत नाही.

आता दोन घटनांमधला प्रवास. इथे माझी स्वतःची एक मोठी चूक झाली होती. एका वर्षाला एक सेकंद असा वेग ठरवला होता, म्हणजे कोरा काळ लांब असेल तर प्रवासही लांबतो, आणि ते योग्यच आहे. पट्टीवर दर महिन्याला एक बारीक रेघ होती, ७६ पिक्सेलांवर एक. पहिला कट दाखवला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, «इथे काळ मागे का जातो आहे?» मी पुन्हा पाहिले आणि खरोखरच १९५९ ते १९६१ या टप्प्यात रेघा उलट सरकताना दिसत होत्या. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ९१२ पिक्सेलांचा सरासरी वेग फ्रेममागे ३६ पिक्सेल होतो. सुरुवातीला आणि शेवटी गती मंदावलेली असल्याने मध्यावर तो दीडपट, म्हणजे ५५ होतो. रेघा ७६ वर असताना प्रत्येक फ्रेमला ५५ पुढे जाणे आणि २१ मागे जाणे डोळ्याला सारखेच, आणि डोळा जवळचे अंतर पकडतो. चित्रपटात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे. उपाय सोपा निघाला. कॅमेरा निघताना महिन्यांच्या रेघा विरतात, ९१२ पिक्सेलांवरच्या वर्षांच्या रेघा तेवढ्या राहतात, आणि कॅमेरा थांबला की महिने परत येतात. मोशन ब्लर चालू केल्यावर उरलेला खडखडाटही गेला.

सगळ्या घटना होऊन गेल्यावर कॅमेरा मागे घेऊन पूर्ण बारा वर्षे एकत्र दाखवली. त्यासाठी पट्टी ०.१६ पट लहान होते आणि चार पिक्सेल जाडीची रेषा पाऊण पिक्सेलाहूनही बारीक होऊन लुकलुकू लागते. म्हणून रेषा, ठिपके आणि वर्षांचे आकडे पट्टीबरोबर लहान होऊ देत नाही, फक्त त्यांच्या जागा सरकतात. या चित्रात एकही पाटी नाही. गागारिनचा ठिपका रेषेच्या वर आहे आणि शेपर्डचा खाली, नऊ पिक्सेलांच्या अंतराने, जवळजवळ एकाच उभ्या रेषेत. त्यांच्या डावीकडे मोठी मोकळी जागा आहे. हे चित्र मी पाच सेकंद तसेच ठेवले आणि त्यावर निवेदनही ठेवले नाही.